रविवारच्या सुट्टीची अदलाबदल

मा. सुपरवायझर साहेब,

रविवार, 30 नोव्हेंबरला मामेबहिणीचं लग्न आहे, साताऱ्याला. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ती रविवारी मिळावी. गुरुवारी, 27 ला मी पहिल्या शिफ्टला येतो.

रविवारी चार नंबरच्या सीएनसीवर संजयदादा थांबतील. त्यांची रविवारची सुट्टी ते गुरुवारी घेतील, म्हणजे डबल ड्युटी कोणालाच नाही. शाफ्टचा जॉब त्यांच्या हातचाच आहे. शनिवारी इन्सर्ट बदलून, पहिला पीस गेजवर तपासून, ऑफसेट लॉगबुकात लिहून ठेवतो. बोअरचा गेज तेवढा क्यूसीतून आधीच घ्यावा लागेल, रविवारी कपाट बंद असतं.

मस्टरवरचा बदल बुधवारपर्यंत टाइम ऑफिसला कळवावा; नाहीतर रविवारी खाडा पडतो. संजयदादांची सही खाली घेतली आहे.

आपला,
प्रकाश