नेढ्यातला फोटो

हाय मृण्मयी,

तो वाऱ्याने केस उडालेला फोटो राजगडाच्या नेढ्यातलाच ना, सुवेळा माचीवरचा? तिथे बसलं की खाली यावंसंच वाटत नाही. मी गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढलो होतो आणि शेवटच्या टप्प्यात 'पालीकडून पायऱ्या होत्या की रे बाबा' असं स्वतःलाच सुनावत होतो. तू कुठल्या वाटेने गेलीस? मुक्काम केलास की त्याच दिवशी उतरलीस?

बाकी तुझ्या प्रोफाइलमधलं 'मिसळीबरोबर पाव खाणाऱ्यांनी पुढे जावं' हे वाचून जरा धस्स झालं. मी राहतो पुण्यात, पण आजोळ नाशिकचं. तिथे मिसळीबरोबर पाव आणि वर पापड. मामीकडे स्लाइस मागितली तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल! तेव्हा निकाल देण्याआधी माझी बाजू ऐकून घेशील का? नाहीतर तुझ्या मते स्लाइसने अशी काय जादू होते, ते तरी सांग. रस्सा जास्त पितो म्हणून, की उगाच सवय?

तिसऱ्या फोटोत मागे तानपुरा दिसतोय. गातेस का? मी फक्त ऐकतो, घरच्यांच्या भल्यासाठी.

निवांत वेळ मिळेल तेव्हा लिही, घाई नाही. राजगडाबद्दल लिहिलंस तरी चालेल, मिसळीवरून भांडलीस तर अजूनच छान.

– निनाद