दहावी-अकरावीच्या पोरांनी मोपेड आणूच नये

नागपुरात आमच्या शाळेच्या गेटसमोर सकाळी पाहा, मोपेडची लाईन लागलेली राहते, आणि त्यातली निम्मी पोरं तरी १८ च्या आतली. शाळा म्हणते आत पार्किंग नाही, मग गाड्या समोरच्या पानठेल्याजवळ लागतात आणि शाळेचा विषय संपतो. माझं म्हणणं आहे की संपत नाही, शाळेने हे बंद करायलाच पाहिजे.

पुष्कळ जण म्हणतात की १६ ला लायसन्स मिळते नं. मिळते, पण विनागिअर आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपण चालवतो त्या १०० सीसीच्या वरच्या, म्हणजे खिशात ते लायसन्स असलं तरी या गाडीसाठी ते चालत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं, त्यात पोरगा सापडला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कॉलेज संपून नोकरी लागेल तरी हा बसचीच वाट पाहत राहील! आणि कोणाला उडवलं तर इन्शुरन्स कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून म्हणजे बाबांकडून वसूल करू शकते, हे घरी कोणी बोलतच नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती खोटी नाही. आई-बाबा दोघंही ड्युटीवर, शाळा मानेवाड्याला, ट्यूशन धरमपेठेत, मधे जेमतेम अर्धा तास. शहराची ‘आपली बस’ कधी येईल सांगता येत नाही, व्हॅनवाला ट्यूशनला सोडत नाही, मे महिन्यात ४५ डिग्रीत सायकल मारून दाखवा म्हणे. मुलींच्या आया तर म्हणतात रात्री आठला ऑटोपेक्षा स्वतःची गाडी बरी. माझी आईही हेच म्हणते.

पण यातून काय सिद्ध होते? ट्यूशनचा टाइम चुकीचा आहे, एवढंच. मे महिन्यात शाळा बंदच राहते, तर उन्हाचं कारण बाराही महिने कसं काय चालेल? मेट्रो सीताबर्डीवरून चारही दिशांना जाते, स्टेशनपासून पुढे सायकल किंवा शेअर ऑटो. गाडीच पाहिजे तर २५० वॅट आणि ताशी २५ च्या आतली इलेक्ट्रिक आहे, तिला लायसन्स लागत नाही, हेल्मेट मात्र घालावं. आणि मुलींच्या सेफ्टीचं म्हणाल, तर ट्रिपल सीट, बिना हेल्मेट, रिंग रोडवर ट्रकच्या बाजूने जाणं कोणत्या हिशोबाने सेफ आहे?

म्हणून शाळेने तीन कामं करावी: आत सायकल स्टँड, पालकसभेत कलम १९९अ वाचून दाखवणं, आणि जवळच्या ट्यूशनवाल्यांशी बोलून अकरावीची बॅच सातच्या आत सोडायला लावणं. शेवटचं सगळ्यात अवघड आहे, सुरुवात तिथूनच करा.