विषय: १ एप्रिल २०२६ पासून महिन्याच्या फीमध्ये बदल (विजयदादा, जरा निवांत वाचा)

विजयदादा, नमस्कार,

फोनवर पैशाचा विषय काढला की तुम्ही "बरं बरं, करा काय ते" म्हणून मोकळे होता आणि अजितदादांना मग महिनाभराने बिल बघून कळतं, म्हणून यावेळी सगळं लिहूनच पाठवतेय, दोघांनी बसून वाचा.

मुद्द्याचं आधी सांगते. आत्ता तुमच्याकडून महिन्याला ३,५०० रुपये अधिक जीएसटी घेते. १ एप्रिल २०२६ पासून ते ४,७५० अधिक जीएसटी होणार. पण एकदम नाही, एप्रिल-मे-जून ४,१०० आणि जुलैपासून ४,७५०. म्हणजे शेवटी महिन्याला १,२५० रुपये जास्त. टक्क्यात मांडलं तर ३६ च्या आसपास जातं आणि वाचून कपाळाला आठी पडणार हे मला माहितीय, म्हणूनच खाली हिशोब देतेय. जीएसटीचे १८ टक्के तुम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळतातच त्यामुळे ते खर्चात धरू नका.

आता का, ते. महागाई, ऑफिसचं भाडं, पोरांचे पगार हे सगळ्यांनाच आहे, तेवढ्यासाठी मी एवढी वाढ मागितली नसती. ३,५०० हा आकडा आपण एप्रिल २०२२ मध्ये ठरवला तेव्हा वर्कशॉपचं काम आणि माझं काम दोन्ही वेगळं होतं. तेव्हा तुमची उलाढाल ५ कोटींच्या खाली होती, आपण तिमाही योजनेत होतो, थ्रीबी तीन महिन्यांतून एकदा आणि मधल्या दोन महिन्यांत फक्त चलन भरायचं. विक्रीची बिलं महिन्याला ४०-४५. २०२४-२५ ला तुम्ही ५ कोटी ओलांडले (त्यादिवशी तुम्ही पेढे घेऊन आला होता, मी तेव्हाच मनात म्हटलं की आता माझी पळापळ सुरू). ५ कोटींची ती रेघ जीएसटीमध्ये फार महत्त्वाची, ती ओलांडली की एकाच वेळी चार-पाच गोष्टी अंगावर येतात. तिमाही योजना बंद, एप्रिल २०२५ पासून दर महिन्याला आर-वन ११ तारखेला आणि थ्रीबी २० तारखेला. वर्षाला चार थ्रीबी होत्या त्या बारा झाल्या. प्रत्येक कंपनीच्या बिलाला ई-इनव्हॉइस काढायचं, आयआरएन आणि क्यूआर कोड नसेल तर ते बिल कायद्याच्या दृष्टीने बिलच नाही आणि शिरोलीतल्या मोठ्या कंपन्यांचं परचेस डिपार्टमेंट असं बिल गेटवरूनच परत पाठवतं. एचएसएन कोड सहा आकडी लागतो. प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटला जाणाऱ्या मालाच्या चलनांचा आयटीसी-०४ आधी वर्षातून एकदा द्यायचा होता तो आता सहा महिन्यांनी. आणि वार्षिक रिटर्नबरोबर नाइन-सी पण, तो २०२४-२५ चा आपण डिसेंबरात भरला. हे सगळं गेलं वर्षभर मी जुन्याच फीमध्ये केलंय, मुद्दाम, कारण ही कामं तुमच्याकडे नेमकी किती वेळ खातात ते मला आधी बघायचं होतं, अंदाजाने आकडा सांगणं मला जमत नाही.

दुसरं म्हणजे आयएमएस. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आलंय, तुमच्या नावावर कुणीही बिल चढवलं की ते तिथे येऊन पडतं आणि ते मान्य, नामंजूर की पेंडिंग ते आपण सांगायचं. काहीच केलं नाही तर मान्य धरलं जातं. बरेच लोक काहीच करत नाहीत आणि पोर्टलने जे दिलं ते घेऊन थ्रीबी भरून टाकतात, त्यात वेळ वाचतो खरा. आपण काय करतो ते डिसेंबरच्या यादीवरून सांगते. कास्टिंगचं एक १,१८,००० चं बिल तुमच्या नंबरवर आलं होतं, पार्टी ओळखीची, कास्टिंगही आपण घेतो तेच. मान्य करून टाकलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण ओंकारच्या इनवर्ड रजिस्टरमध्ये त्या नंबरचं बिलच नव्हतं आणि त्या तारखेला त्यांची गाडी पण आली नव्हती. फोन केला तेव्हा कळलं की तुमच्यासारख्याच नावाची दुसरी एक फर्म आहे, त्यांचा माल तुमच्या नंबरवर चढला. आपण नामंजूर केलं, त्यांनी दुरुस्त केलं. १८,००० चं क्रेडिट आपण घेतलं असतं तर दोन वर्षांनी नोटीस आली असती, क्रेडिट परत करा वर १८ टक्क्याने व्याज. एक बिल शोधायला अर्धा दिवस गेला. अशी भानगड रोज नसते, पण ती आहे की नाही हे कळायला दर महिन्याला सगळी खरेदी बिलाला बिल लावून बघावी लागते, आणि वाढीतला मोठा भाग याच कामाचा आहे.

तिसरं तुमच्या दोघांचं. एप्रिल २०२५ पासून फर्मने पार्टनरला दिलेला पगार आणि भांडवलावरचं व्याज, वर्षाला २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. म्हणजे स्वतःच स्वतःचा टीडीएस कापायचा, अजितदादा यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्याचं दर महिन्याचं चलन, तिमाही रिटर्न, दोघांचं फॉर्म सोळा-ए हे वाढलंच. शिवाय लघुउद्योगवाल्यांचे पैसे करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत आणि वर्षअखेरीला थकलेले राहिले तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, त्याची यादी मी तुम्हाला पाठवते ती पण तेव्हा नव्हती.

बरं, या वाढीत काय काय बसतं ते स्पष्ट करते म्हणजे नंतर गैरसमज नको. ई-इनव्हॉइस, महिन्याची दोन्ही रिटर्न, आयएमएस, आयटीसी-०४, टीडीएस, वार्षिक रिटर्न आणि नाइन-सी, सगळं यात. डिसेंबरात वार्षिक रिटर्नचं वेगळं बिल येणार नाही. साधी नोटीस आली तर तिचं उत्तर पण यातच, अपीलपर्यंत गेलं तर तेव्हा बोलू. तुमची दोघांची आणि वहिनींची इन्कम टॅक्स रिटर्न आहेत त्याच पैशात. आणि ४,७५० हा आकडा मार्च २०२८ पर्यंत हलणार नाही, तोपर्यंत बिलं दीडशेवर गेली तरी. बिलामागे पैसे घ्यायची पद्धत बरेच जण वापरतात, मी पण विचार केला होता पण मग तुम्ही प्रत्येक बिल काढताना माझी फी आठवणार, आणि ओंकार दोन बिलं एकात कोंबून देणार, ते मला नको.

हे जास्त वाटत असेल तर एक मार्ग आहे. ई-इनव्हॉइस काढणं आणि खरेदीची एंट्री ओंकारने तिथेच केली तर मी ४,००० घेईन. त्याला शिकवायला मी शनिवारी येते, त्याचे पैसे नाहीत, पोरगा हुशार आहे, शिकेल. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर तो आत्ता डिस्पॅच पण बघतो, महिनाअखेरीला गाड्या लागलेल्या असताना तो एंट्री करणार नाही आणि मग १९ तारखेला रात्री आपण तिघं फोनवर. थ्रीबी उशिरा गेली तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि कर थकला तर वर १८ टक्के व्याज. ७५० वाचवायला तो धोका घ्यावा का, तुम्ही ठरवा. ओंकारच्या हाताखाली कुणी येणार असेल तर मात्र जरूर करा.

आणखी कुठे चौकशी करायची असेल तर बिनधास्त करा, मला वाईट वाटणार नाही. फक्त विचारताना आयएमएस बिलाला बिल लावून बघणार का आणि नाइन-सी धरून का वेगळा, हे दोन प्रश्न विचारा म्हणजे तुलना बरोबर होईल. आणि दुसरीकडे जायचं ठरलंच तर टॅलीचा डेटा, पोर्टलचे पासवर्ड, जुनी रिटर्न सगळं नीट लावून देईन, अडवणूक करायची पद्धत आपल्याकडे नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. माझी फी आत्तापर्यंत वर्षाला ४२,००० होत होती, ५०,००० च्या खाली, म्हणून २०२५-२६ मध्ये तुम्ही माझा टीडीएस कापला नाही ते बरोबरच होतं. येत्या वर्षी टप्पा धरून ५५,०५० होतात, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या बिलापासूनच १० टक्के कापा, जीएसटी सोडून फक्त फीवर. १ एप्रिलपासून आयकराचा नवा कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे सगळे बदलणार, चलन भरताना जुनं १९४ टाकू नका, आधी मला विचारा.

१० मार्चपर्यंत हो-नाही कळवा. लिहून नको असेल तर शनिवारी चारनंतर मी ऑफिसलाच असते, दोघं या. त्याआधी अजितदादांना एखादा आकडा पटत नसेल तर गेल्या वर्षीच्या बारा महिन्यांची वर्कशीट ओंकारला पाठवते, कुठल्या कामाला किती वेळ गेला ते त्यात आहे.

आणि हो, जानेवारीची थ्रीबी २० ला आहे. आयएमएसमध्ये अजून ६ बिलं पेंडिंग आहेत, त्यातली ४ टूलिंगवाल्याची, तो माल आलाय का नाही एवढं ओंकारला बघायला सांगा. प्लेटिंगला गेलेल्या मालाची चलनं पण आली नाहीत. दोन्ही उद्या संध्याकाळपर्यंत मिळालं तर बरं होईल.

सुजाता