दुरुस्ती : ज्ञानेश्वरीचं साल इसवी सन १२१२ नव्हे, १२९०

रामकृष्ण हरी मंडळी,

व्हिडिओ बघण्याआधी एवढं वाचा. यात माझ्याकडून सालाची चूक झाली आहे, तीही दोनदा.

६:४२ ला मी म्हणतो, "इसवी सन १२१२ मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली." नेवासे बरोबर, साल चूक. ते शके १२१२ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १२९०. 'शके बाराशतें बारोत्तरें' ही ओवी त्याच वेळी पडद्यावर ठळक अक्षरांत दिसते आहे आणि वरून माझा आवाज इसवी सन सांगतोय! टिपणात नुसता '१२१२' हा आकडा लिहून ठेवला होता, 'शके' लिहायचं राहिलं. वाचताना जे तोंडात आलं ते गेलं.

११:१५ लाही तेच. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये. मी मात्र इसवी सन १५०६ म्हणालो. तेव्हा नाथांचा जन्मही झाला नव्हता. दोन्हींमध्ये २९४ वर्षांचं अंतर सांगितलं आहे ते मात्र बरोबर आहे, कारण दोन्ही आकडे सारखेच चुकले.

चूक दाखवली ती एका ताईंनी. त्यांनी विचारलं होतं, "ग्रंथ १२१२ चा आणि समाधी १२९६ ची, तर मधे ८४ वर्षं झाली. मग माउलींनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली असं तुम्हीच पुढे कसं म्हणता?" त्यावर मी "परंपरेत श्रद्धा महत्त्वाची" असं उत्तर देऊन मोकळा झालो. प्रश्न साध्या वजाबाकीचा होता, श्रद्धेचा नव्हताच. ताई, ते उत्तर उद्धट होतं. माफी मागतो.

यूट्यूबवर त्याच लिंकवर दुसरा व्हिडिओ चढवता येत नाही. हा काढून टाकला तर तुमचे प्रश्न आणि त्यावरची चर्चाही जाईल, म्हणून ठेवला आहे. सबटायटल आणि खालचं वर्णन आज दुरुस्त केलं. आवाज जुनाच आहे, तेव्हा वरची दोन ठिकाणं ऐकताना लक्षात ठेवा. ओव्यांचे पाठ आणि त्यांचा अर्थ पुन्हा तपासला, त्यात बदल नाही.

चाळीस सेकंदांची छोटी क्लिप मात्र काढून टाकली, कारण तिच्यात चुकीच्या सालाखेरीज फारसं काही नव्हतं. ती व्हॉट्सॲपवर बरीच फिरली आहे. भाषणासाठी किंवा प्रवचनासाठी तिच्यावरून साल उतरवून घेतलं असेल तर कृपया बदला, आणि ज्या ग्रुपवर क्लिप टाकली होती तिथेच ही दुरुस्तीही टाका.