पीएच.डी. प्रबंध परीक्षण अहवाल: संशोधनपद्धती

प्रति,
मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ

विषय: ‘भारतीय श्रोत्यांची रागधारणा: प्रशिक्षण, लय आणि भाव’ या प्रबंधाच्या संशोधनपद्धतीविषयी बाह्य परीक्षकाचा अहवाल

महोदय,

आपण पाठवलेला प्रबंध परिशिष्टांसह पूर्ण वाचला. संशोधिकेने सहभागींची मूळ गुणांकने परिशिष्टात जोडली आहेत, म्हणून मला महत्त्वाची गणिते स्वतः करून पाहता आली. आपल्याकडच्या प्रबंधांत हे क्वचितच आढळते. त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक करतो आणि पुढची सगळी टीका या खुलेपणामुळेच शक्य झाली, हेही नोंदवतो.

प्रबंधात तीन प्रयोग आहेत. तिन्हींतले सहभागी नागपुरातल्या दोन महाविद्यालयांचे आणि एका संगीत विद्यालयाचे विद्यार्थी आहेत. पहिल्या प्रयोगात १४, दुसऱ्यात २४ आणि तिसऱ्यात २२ जण आहेत. माणसे कमी आहेत एवढ्यावरून प्रबंध अडवावा, असे मला वाटत नाही. थोडी माणसे कोणत्या प्रश्नाला पुरतात आणि कोणत्या प्रश्नाला पुरत नाहीत, हा भेद प्रबंधात केलेला नाही. माझा मुख्य आक्षेप एवढाच आहे.

पहिला प्रयोग या प्रबंधातला सर्वांत भक्कम भाग आहे. चार रागांची आलापी ऐकवून तिच्यामागोमाग सप्तकातल्या बारा स्वरांपैकी एक स्वर वाजवायचा आणि तो कितपत ‘बसतो’ हे १ ते ७ अंकांत विचारायचे, अशी ही पद्धत आहे. क्रुमहान्सल आणि शेपर्ड यांनी ती १९७९ मध्ये मांडली. १९८४ मध्ये कॅस्टेलानो, भरुचा आणि क्रुमहान्सल यांनी ती दहा हिंदुस्थानी रागांसाठी भारतीय व पाश्चात्य श्रोत्यांवर वापरली. इथे प्रत्येकाने प्रत्येक स्वर प्रत्येक रागात तीनदा ऐकला, म्हणजे माणशी १४४ उत्तरे झाली. एकाच माणसाकडून पुन्हा पुन्हा मोजमाप घेतले की त्याच्या कानाचे चित्र स्पष्ट होत जाते. श्रवणाच्या अभ्यासात चार-पाच जणांवर केलेले उत्तम काम आहे, ते याच बळावर. चौदा जणांचे चौदा आलेख शेजारी शेजारी ठेवले तर बहुतेकांत वादी-संवादी वर आलेले दिसतात. दोघांचे आलेख मात्र जवळजवळ सपाट आहेत. ते दोघे सरासरीत बुडवून टाकायला नको होते. त्यांनी काय ऐकले असेल, यावर एक परिच्छेद यायला हवा.

याच प्रयोगाच्या विश्लेषणात एक गंभीर चूक आहे. १४ जणांची प्रत्येकी १४४ मिळून २०१६ उत्तरे होतात आणि तक्ता ४.३ मध्ये ती २०१६ स्वतंत्र निरीक्षणे म्हणून धरली आहेत. एकाच मुलीची १४४ उत्तरे म्हणजे १४४ मुली नव्हेत. सहभागी हा घटक विश्लेषणात आणून गणित पुन्हा करावे. निष्कर्ष बहुधा टिकेल, पण त्याच्यापुढची पी-मूल्ये आज दिसतात तितकी लहान राहणार नाहीत.

दुसऱ्या प्रयोगावर मी अधिक वेळ घालवला, कारण प्रबंधाचा मुख्य दावा त्यावर उभा आहे. निवडलेला प्रश्न सुंदर आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. फरक चलनाचा आहे. भूप गंधारावर रमतो आणि पूर्वांगात खुलतो, देशकार धैवताला धरून उत्तरांगात फिरतो. रागांतला हा फरक शिकलेल्या कानाला आणि न शिकलेल्या कानाला सारखाच कळतो का? बारा ‘प्रशिक्षित’ आणि बारा ‘अप्रशिक्षित’ विद्यार्थ्यांना तुकड्यांच्या जोड्या ऐकवून ‘राग एकच की वेगळा’ असे विचारले आहे.

द्रुत लयीत प्रशिक्षित गट पुढे आहे (टी २.३१, पी ०.०३). विलंबितात फरक ‘आढळला नाही’ (पी ०.१९). यावरून ‘प्रशिक्षणाचा लाभ केवळ द्रुत लयीत होतो’ असा निष्कर्ष पाचव्या प्रकरणात काढला आहे. तो या आकड्यांतून निघत नाही. पी ०.१९ आले त्या विलंबितातही दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.५५ पट आहे. तो लहान नाही. त्याचे ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण उणे ०.२६ ते अधिक १.३७ असे येते. म्हणजे फरक नसेलही, किंवा खूप मोठा असेलही. बारा-बारा माणसांच्या प्रयोगाला याहून अधिक काही सांगता येत नाही. ‘आढळला नाही’ याचे प्रबंधात पुढे तीन ठिकाणी ‘नाही’ झाले आहे. शिवाय एका लयीत निकाल सार्थक आणि दुसरीत असार्थक आला, एवढ्याने दोन लयींतला फरक सिद्ध होत नाही. त्यासाठी गट आणि लय यांची आंतरक्रिया तपासावी लागते आणि ती चाचणी प्रबंधात नाही. परिशिष्टातल्या आकड्यांवर मी ती केली. ती सार्थकतेच्या जवळपासही जात नाही.

द्रुतातल्या निकालाबद्दलही सावधपणा हवा. प्रत्येक गटात बारा जण असताना निरीक्षित फरक प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.८५ पट झाल्याशिवाय पी-मूल्य ०.०५ च्या खाली जातच नाही. खरा फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका असेल, तर अशा प्रयोगाला तो सापडण्याची शक्यता जेमतेम पाचात एक. तो ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ माणसे लागली असती. म्हणून लहान गटांतून जो फरक सार्थक ठरून बाहेर येतो, तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा फुगलेला असतो. इथे मिळालेला ०.९४ हा आकडा ‘प्रशिक्षणाचा प्रभाव अत्यंत मोठा आहे’ अशा शब्दांत सारांशात आला आहे. त्याचे विश्वास अंतराल सुमारे ०.१ ते १.८ आहे. सारांशात ते लिहिलेच पाहिजे.

माणसांइतकीच अडचण तुकड्यांची आहे. एकूण सोळा तुकड्यांपैकी भूपाच्या आठांतले सहा एका गायिकेचे आणि देशकाराच्या आठांतले सात एका गायकाचे आहेत. गायिकेची पट्टी काळी पाच, गायकाची काळी एक. म्हणजे राग ओळखायची गरजच उरली नाही. आवाज आणि षड्ज बदलला की ‘वेगळा’ म्हटले तरी बहुतेक उत्तरे बरोबर येतात. त्यामुळे या प्रयोगात नेमके काय मोजले गेले, हे मला सांगता येत नाही आणि संशोधिकेलाही सांगता येणार नाही. आणखी शंभर विद्यार्थी आणले तरी हा दोष जाणार नाही. एकाच कलाकाराने दोन्ही राग एकाच पट्टीत गायलेले तुकडे हवेत, असे निदान तीन-चार कलाकार हवेत आणि विश्लेषणात सहभागींप्रमाणे तुकडे हाही यादृच्छिक घटक धरायला हवा.

आता हे विद्यार्थी कोण आहेत ते पाहू. प्रशिक्षित गटातले सगळे एकाच विद्यालयात एकाच गुरूंकडे शिकणारे, मध्यमा पूर्ण ते विशारद पूर्ण या टप्प्यांवरचे आहेत. त्यांचा भूप एकाच तोंडून आलेला आहे. त्यामुळे ‘प्रशिक्षण’ म्हणून जे मोजले, त्यात त्या एका तालमीची ढब मिसळलेली आहे. दुसरा गट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा. ‘कधीही गाणे शिकलो नाही’ या एका उत्तरावर त्यांना अप्रशिक्षित ठरवले आहे. नागपुरात हा निकष फार कच्चा आहे. घरी भजनी मंडळ असलेला, खंजिरीच्या साथीने तुकडोजी महाराजांची भजने म्हणत वाढलेला मुलगा, किंवा भीमगीतांच्या कार्यक्रमात हार्मोनियमवर बसणारा मुलगा कुठल्याही परीक्षेला बसलेला नसतो. त्याचा कान मात्र तयार असतो. परिशिष्टातल्या माहितीत अप्रशिक्षित गटातल्या तिघांनी ‘मंडळात गातो’ असे स्वतः लिहिले आहे. संगीताशी असलेले नाते केवळ शिकवणीच्या वर्षांत मोजू नये, म्हणून २०१४ मध्ये म्युलेन्झिफेन आणि सहकाऱ्यांनी १.४७ लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवर आधारलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ऐकणे, गाणे, भावनिक गुंतणे हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. तिच्या धर्तीवर इथल्या संगीतजीवनाला साजेसे दहा-बारा प्रश्न विचारले असते, तरी पुष्कळ काही हाती लागले असते.

तिसऱ्या प्रयोगात चार राग आणि तीन भाव यांच्या गुणांकनांचा प्रशिक्षणाच्या वर्षांशी सहसंबंध काढला आहे. असे बारा सहसंबंध तपासले गेले आणि त्यांतला एक सार्थक निघाला: मारवा आणि व्याकुळता, ०.४५, पी ०.०४. बारा स्वतंत्र चाचण्यांत काहीच खरे नसतानाही निदान एक सार्थक निघण्याची शक्यता ४६ टक्के असते. शिवाय २२ जणांवरच्या ०.४५ चे विश्वास अंतराल ०.०४ ते ०.७३ इतके पसरट आहे. हा निकाल ‘पुढे तपासण्याजोगा’ म्हणून राहू द्यावा, पण त्यावर रससिद्धान्ताची आठ पाने रचू नयेत.

ध्वनीच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. प्रयोग २ आणि ३ मे महिन्यात, कूलर चालू असलेल्या खोलीत, साध्या हेडफोनवर झाले. नागपूरच्या उन्हात कूलर बंद ठेवा, असे मी म्हणणार नाही. पण त्या घरघरीत तानपुऱ्याचे वरचे स्वरांश आणि मिंडीचे बारकावे बुडतात आणि कूलर कोणत्या सत्रांत चालू होता याची नोंद नाही. ती आठवून, निदान दिनांकांवरून, जोडावी.

आणखी एक बाब. तिसऱ्या प्रयोगातले नऊ विद्यार्थी संशोधिकेच्या स्वतःच्या वर्गातले आहेत. बाईंना काय अपेक्षित आहे ते विद्यार्थ्यांना कळते आणि ‘नाही’ म्हणणे त्यांना जड जाते. संमतिपत्रे जोडली आहेत, पण सहभागाचा अंतर्गत गुणांशी संबंध नाही हे त्यांत कुठेही लिहिलेले नाही. याचा खुलासा लेखी यावा.

शेवटच्या प्रकरणात शाळांसाठी केलेल्या शिफारशी मला काळजीत टाकतात. मोट्झार्टच्या संगीताने अवकाशीय तर्कशक्ती वाढते, हा १९९३ चा गाजलेला निष्कर्ष ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता आणि तो परिणाम काही मिनिटेच टिकला होता. पुढे अनेकांना तो पुन्हा मिळाला नाही. तोवर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना अभिजात संगीताच्या ध्वनिफिती देण्याचा प्रस्तावही मांडला होता. ‘शालेय अभ्यासक्रमात द्रुत बंदिशींचे श्रवण अनिवार्य करावे’ हे वाक्य २४ विद्यार्थ्यांच्या आधारावर लिहिता येत नाही. ते काढावे.

शिफारस: प्रबंध सुधारणांसह पुन्हा सादर करण्यास परवानगी द्यावी, नामंजूर करू नये. पहिला प्रयोग योग्य विश्लेषणासह प्रबंधाचा कणा व्हावा. दुसरा प्रयोग नव्या तुकड्यांसह पुन्हा घ्यावा. तो शक्य नसेल तर ‘प्राथमिक चाचणी’ म्हणून मांडावा आणि त्यावरचा दावा मागे घ्यावा. सर्व निकालांसोबत विश्वास अंतराले द्यावीत. शीर्षकातील ‘भारतीय श्रोत्यांची’ या जागी ‘नागपुरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची’ असे करावे. यासाठी सहा महिन्यांची मुदत पुरेशी वाटते.

मौखिक परीक्षेत संशोधिकेला मी तीन प्रश्न विचारू इच्छितो. दुसऱ्या प्रयोगातली सहभागींची संख्या प्रयोग सुरू करण्याआधी ठरवली होती का, आणि कशावरून? आवाज आणि पट्टी यांवरून उत्तर देता येत होते, हे कोणाही सहभागीने नंतर बोलून दाखवले का? आणि पहिल्या प्रयोगातल्या त्या दोन सपाट आलेखांच्या विद्यार्थ्यांना पुन्हा बोलावून ऐकवता येईल का?

आपला विश्वासू,
बाह्य परीक्षक