एटीएममधून न मिळालेल्या 10,000 रुपयांबाबत तक्रार: तारीखवार हकीकत

दिनांक: 21 जुलै 2025

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
सातारा शाखा

विषय: बचत खात्यातून (शेवटचे अंक 4471) वजा झालेले 10,000 रुपये व विलंबाची भरपाई मिळण्याबाबत

महोदय,

10 जुलैच्या माझ्या सहा पानी पत्राऐवजी हे पत्र विचारात घ्यावे. शाखेतील वागणुकीचा भाग यातून वगळला आहे. तो विषय वेगळा आहे आणि पैसे मिळाले तरी संपणार नाही.

11 जून 2025, सकाळी 11.42: बसस्थानकासमोरील दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपले डेबिट कार्ड वापरून 10,000 रुपये मागितले. आत नोटा मोजल्याचा आवाज आला, पण झडप उघडली नाही, पावतीही आली नाही. रक्कम वजा झाल्याचा एसएमएस मात्र लगेच आला. 11.46 वाजता त्याच यंत्रावर शिल्लक तपासली. त्या पावतीवर 10,000 रुपये कमी दिसतात.

18 जून: रक्कम परत न आल्याने शाखेत लेखी तक्रार दिली. शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे.

4 जुलै: 'व्यवहार यशस्वी, तक्रार बंद' एवढाच एसएमएस आला. कशावरून यशस्वी, याचा एकही कागद दिला नाही.

8 जुलै: शाखेत चौकशी केली असता 'ज्यांचे मशीन त्यांच्याकडे जा' असे तोंडी सांगण्यात आले. हे मला मान्य नाही. खाते आणि कार्ड आपल्या बँकेचे आहे. एटीएमवाल्या बँकेशी बोलणे आपले काम आहे.

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत, म्हणजे 16 जूनपर्यंत, आपोआप जमा व्हायला हवी होती. त्यापुढे दररोज 100 रुपये भरपाई लागू होते आणि ती ग्राहकाने न मागताही द्यायची असते. 17 जून ते आजपर्यंत 35 दिवसांचे 3,500 रुपये होतात.

माझी मागणी: 31 जुलैपर्यंत 10,000 रुपये आणि जमा होण्याच्या दिवसापर्यंतची भरपाई खात्यात यावी. व्यवहार यशस्वी झाल्याचे म्हणणे कायम असेल, तर त्या एटीएमची इलेक्ट्रॉनिक जर्नल नोंद आणि 11 जूनचा रोख ताळमेळ अहवाल लेखी उत्तरासोबत द्यावा. सीसीटीव्ही चित्रीकरण पुसले जाऊ नये, असे संबंधित बँकेला आजच कळवावे.

18 जूनच्या तक्रारीला 30 दिवस उलटले आहेत. 31 जुलैपर्यंत निकाल न लागल्यास 1 ऑगस्टला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवीन. हे पत्र त्या तक्रारीला जोडले जाईल.

सोबत: दोन्ही एसएमएसची छायाचित्रे, 11.46 ची पावती, 18 जूनची पोच, जून महिन्याचा खातेउतारा.

आपली,
बचत खातेदार (4471)