हस्तलिखित क्रमांक २३-०४७ : नकाराच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, यासाठी विनंती अर्ज

दिनांक : १० जुलै २०२३

प्रति,
मा. संपादक,
समाजशास्त्रीय संशोधन त्रैमासिक

विषय : ‘हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांची शालेय हजेरी’ हा लेख नाकारण्याच्या निर्णयाचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय,

आमचा उपरोक्त लेख प्रकाशनासाठी स्वीकारता येत नसल्याचे आपले पत्र मिळाले. सोबत दोन्ही समीक्षकांचे अभिप्रायही मिळाले. समीक्षक क्रमांक दोन यांनी लेख किरकोळ दुरुस्त्यांसह स्वीकारावा असे सुचवले आहे, तर समीक्षक क्रमांक एक यांनी तो मुळातून नाकारावा असे म्हटले आहे. आपल्या पत्रात नकाराचे कारण म्हणून समीक्षक एक यांचाच अभिप्राय उद्धृत केलेला आहे. लेखाचे महत्त्व, लांबी किंवा मांडणी यांविषयी समीक्षकांचे मत आमच्याहून वेगळे असू शकते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचे आम्हाला कारण नाही. मात्र ज्या तीन आक्षेपांवर हा नकार उभा आहे, ते तिन्ही आम्ही वापरलेल्या ‘फरकांतील फरक’ या संख्याशास्त्रीय पद्धतीच्या चुकीच्या वाचनातून आलेले आहेत, असे आमचे नम्र परंतु ठाम म्हणणे आहे. म्हणून हा अर्ज.

प्रथम अभ्यासाची चौकट थोडक्यात सांगतो. बीड जिल्ह्यातील ३८ गावांच्या शाळांतील इयत्ता तिसरी ते आठवीची नोव्हेंबर ते मार्च या गाळप हंगामातील हजेरी आम्ही पाच शैक्षणिक वर्षांच्या हजेरीपटांवरून नोंदवली. त्यांपैकी १८ गावांत २०१७-१८ मध्ये हंगामी वसतिगृह सुरू झाले, उरलेल्या २० गावांत अभ्यासाच्या काळात ते कधीच नव्हते. हजेरीची टक्केवारी काढताना छेदात जूनमधील पटसंख्या धरली आहे. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेलेले मूलही हिशेबातून गळत नाही, ते गैरहजर म्हणूनच मोजले जाते.

समीक्षक एक यांचा पहिला आणि मुख्य आक्षेप असा आहे : “वसतिगृह सुरू झाल्यानंतरही त्या गावांतील हजेरी इतर गावांपेक्षा ७ टक्क्यांनी कमीच आहे, सबब वसतिगृहांमुळे हजेरी वाढल्याचा लेखकांचा दावा त्यांच्याच आकडेवारीच्या विरोधात जातो.” यातील ७ हा आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा बरोबर नाही. योजनेपूर्वीच्या तीन वर्षांत वसतिगृहाच्या गावांतील सरासरी हजेरी ४८.० टक्के होती आणि इतर गावांतील ६५.० टक्के, म्हणजे दोहोंत १७ टक्केबिंदूंची दरी होती. योजनेनंतरच्या दोन वर्षांत हे आकडे अनुक्रमे ६१.० आणि ६८.० झाले. वसतिगृहाच्या गावांत १३ टक्केबिंदूंची वाढ झाली, इतर गावांत ३ टक्केबिंदूंची. वसतिगृह नसतानाही जी वाढ बहुधा झालीच असती ती ३ टक्केबिंदूंची, ती वजा केल्यावर उरणारे १० टक्केबिंदू हा आमचा अंदाज आहे. दरी १७ वरून ७ वर आली, हेच लेखाचे म्हणणे आहे. ती पूर्ण बुजली असा दावा लेखात कोठेही नाही.

वसतिगृहे मंजूर होतात ती मुळात स्थलांतर जास्त आणि हजेरी कमी असलेल्या गावांत. अशा गावांची तुलना ज्या गावांतून फारसे कोणी ऊसतोडीला जात नाही त्यांच्याशी केवळ नंतरच्या आकड्यांवर करणे म्हणजे रुग्णालयातला रुग्ण आणि घरातला धडधाकट माणूस यांचा ताप मोजून रुग्णालयामुळे ताप येतो असे ठरवण्यासारखे आहे. समीक्षकांनी सुचवलेली ‘फक्त योजनेनंतरच्या दोन वर्षांच्या आकडेवारीवर टी-चाचणी’ नेमके हेच करते. ती चाचणी आम्ही लावली असती तर वसतिगृहांमुळे मुलांची हजेरी ७ टक्केबिंदूंनी घटते, असा निष्कर्ष आम्हाला छापावा लागला असता.

या गैरसमजाचे मूळ लेखातील तक्ता क्रमांक ३ मध्ये असावे, असे अभिप्रायाच्या दुसऱ्या परिच्छेदावरून दिसते. तेथे समीक्षक लिहितात की ‘लेखकांच्या स्वतःच्याच प्रतिमानात वसतिगृहाचा गुणक उणे १७.० आहे.’ लेखासोबत दिलेल्या पुरवणीत ते प्रतिमान या ओळीने चालवलेले आहे :

```
lm(hajeri ~ vasatigruh * nantar, data = gave)
```

यातून चार गुणक मिळतात. स्थिरांक ६५.० ही इतर गावांची योजनेपूर्वीची हजेरी आहे. `vasatigruh` या ओळीतील उणे १७.० हा दोन गटांतील योजनेपूर्वीचा फरक आहे. त्या काळात वसतिगृह अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे तो वसतिगृहाचा परिणाम असू शकत नाही. `nantar` पुढील ३.० ही इतर गावांतील वाढ आहे. योजनेचा परिणाम सांगतो तो चौथा गुणक, `vasatigruh:nantar`, आणि तो अधिक १०.० आहे. समीक्षकांनी तक्त्यातील दुसरी ओळ वाचली आणि चौथीचा उल्लेखही केलेला नाही. उणे १७.० आणि अधिक १०.० यांची बेरीज केली की त्यांना खटकलेले उणे ७ मिळतात, म्हणजे त्यांचा आकडा आणि आमचा आकडा यांत विसंगती नाहीच.

ही पद्धत आमची नाही आणि नवीनही नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला किमान वेतनाचा अभ्यास अर्थशास्त्राच्या वर्गांत आजही शिकवला जातो. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते बदलले नाही. न्यू जर्सीतील फास्ट फूडच्या दुकानांत दर दुकानामागे सरासरी पूर्णवेळ-समतुल्य कर्मचारी २०.४४ वरून २१.०३ झाले, पेनसिल्व्हेनियात ते २३.३३ वरून २१.१७ वर घसरले. वेतनवाढीनंतरही न्यू जर्सीचा आकडा पेनसिल्व्हेनियाच्या खालीच होता, तरीही लेखकांनी अंदाज मांडला तो सुमारे २.८ कर्मचाऱ्यांच्या सापेक्ष वाढीचा. त्या अभ्यासातील माहितीच्या दर्जावर पुढे बराच वाद झाला, हे आम्ही जाणतो. परंतु नंतरची पातळी कमी आहे म्हणून परिणाम उणे आहे, असा आक्षेप त्या वादाचा मुद्दा नव्हता.

दुसरा आक्षेप असा की दोन्ही गट ‘मुळातच सारखे नसल्याने तुलनाच अवैध आहे.’ गट यादृच्छिक वाटपाने ठरले असते तर ते सुरुवातीला सारखे असणे अपेक्षित धरता आले असते. आमची पद्धत पातळी सारखी असण्याची अट घालत नाही, तिची अट कल समांतर असण्याची आहे : योजना आली नसती तर दोन्ही गटांची हजेरी सारख्याच गतीने वरखाली झाली असती, इतकेच ती गृहीत धरते. हे गृहीतक तपासण्यासाठी योजनेपूर्वीची तीनही वर्षे लेखात स्वतंत्रपणे दिली आहेत. २०१४-१५, २०१५-१६ आणि २०१६-१७ मध्ये वसतिगृहाच्या गावांची हजेरी ४९.१, ४७.६ आणि ४७.३ टक्के होती, इतर गावांची ६५.९, ६४.८ आणि ६४.३ टक्के. दरी अनुक्रमे १६.८, १७.२ आणि १७.० अशी राहिली. मराठवाड्यातील २०१५-१६ च्या दुष्काळी वर्षात दोन्ही गटांची हजेरी उतरली, पण दोन्हींची जवळजवळ सारखीच उतरली. योजना २०१५-१६ मध्येच सुरू झाली असे खोटेच मानून आम्ही केवळ या तीन वर्षांवर तेच प्रतिमान चालवले, तेव्हा ‘परिणाम’ उणे ०.३ टक्केबिंदू इतका आला आणि तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या शून्याहून वेगळा नव्हता. पूर्वीचे कल समांतर असणे हा पुढेही ते तसेच राहिले असते याचा निर्णायक पुरावा ठरत नाही, हे लेखाच्या मर्यादांच्या भागात आम्ही स्पष्ट लिहिले आहे. समीक्षकांनी या गृहीतकावर बोट ठेवले असते तर तो रास्त आक्षेप झाला असता आणि त्यावर चर्चा करायला आम्हाला आवडले असते. त्यांच्या अभिप्रायात मात्र ‘समांतर कल’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत, आणि संबंधित आकृती क्रमांक २ चाही उल्लेख नाही.

तिसरा आक्षेप नोंदींच्या स्वतंत्रतेचा आहे : ३८ गावांच्या पाच वर्षांच्या मिळून १९० नोंदी होतात, एकाच गावाच्या नोंदी परस्परांशी निगडित असतात, आणि त्या स्वतंत्र मानल्यास प्रमाण त्रुटी कृत्रिमरीत्या लहान येते. तत्त्व म्हणून हे शंभर टक्के खरे आहे. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुल्लाईनाथन यांनी २००४ मध्ये याच धोक्याकडे लक्ष वेधले होते : न घडलेले कायदे घडले असे मानून त्यांनी गणिते केली, तर ५ टक्के पातळीवर ‘लक्षणीय’ परिणाम दिसण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणूनच वर दिलेल्या ओळीतून आम्ही केवळ गुणक घेतले आहेत. तिने दिलेली १.४ ही प्रमाण त्रुटी लेखात कोठेही वापरलेली नाही. तक्ता ३ मधील प्रमाण त्रुटी गाव हा क्लस्टर धरून काढलेली आहे आणि ती २.६ आहे. तिच्यावर आधारित ९५ टक्के विश्वासार्हता पट्टा ४.७ ते १५.३ टक्केबिंदूंचा येतो. क्लस्टरची संख्या ३८ म्हणजे फार मोठी नाही, ही शंका आम्हालाही होती, म्हणून वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅपनेही पडताळणी केली. तो पट्टा ४.२ ते १५.९ असा थोडा रुंद आला आणि शून्यापासून दूरच राहिला. ही सर्व माहिती तक्ता ३ च्या खालच्या टिपेत व पद्धतीच्या भागाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. जी काळजी आम्ही घेतली, तीच घेतली नाही असे धरून लेख नाकारला जावा, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

समीक्षक एक यांचे आणखी दोन मुद्दे या अर्जाच्या कक्षेबाहेर आहेत. शीर्षक छोटे करण्याची सूचना आम्हाला मान्य आहे. वसतिगृह नसलेल्या गावातील काही मुले नातेवाइकांकडे राहून शेजारच्या गावच्या वसतिगृहात जेवत असतील, ही त्यांनी काढलेली शंका तर उत्तम आहे. तसे घडले असेल तर इतर गावांची हजेरीही थोडी वाढली असेल आणि आमचा १० टक्केबिंदूंचा अंदाज वास्तवाहून कमीच ठरेल. वसतिगृहापासून पाच किलोमीटरच्या आतील गावे वगळून केलेले विश्लेषण आम्ही सुधारित मसुद्यात जोडू.

आमची विनंती अशी आहे की, नकाराचा निर्णय तूर्त स्थगित ठेवून हा अर्ज, तक्ता ३ आणि आकृती २ यांच्यासह, अर्थमितीचा किंवा उपयोजित संख्याशास्त्राचा अनुभव असलेल्या तिसऱ्या समीक्षकाकडे पाठवावा. समीक्षक एक यांना हा अर्ज दाखवून त्यांचे म्हणणे मागवण्यासही आमची काहीच हरकत नाही. उलट आम्हाला ते आवडेलच. तिसऱ्या समीक्षकांनी पद्धत सदोष असल्याचे सकारण सांगितले, तर तो निर्णय आम्ही अंतिम मानू आणि पुन्हा अर्ज करणार नाही. गावांची नावे काढून टाकलेली गाव-वर्षनिहाय १९० नोंदींची फाइल व संपूर्ण संगणकीय आज्ञावली सोबत जोडली आहे. तक्त्यातील प्रत्येक आकडा त्यावरून पडताळता येईल.

आपल्या त्रैमासिकाच्या दुहेरी अनामिक समीक्षणाच्या नियमानुसार या अर्जावर लेखकांची नावे घातलेली नाहीत. ती आपल्या कार्यालयाकडे हस्तलिखित क्रमांकाखाली नोंदलेली आहेतच.

कळावे,

आपले विश्वासू,
हस्तलिखित क्रमांक २३-०४७ चे तिन्ही लेखक

सोबत : (१) तक्ता ३ व आकृती २ यांच्या प्रती, (२) १९० नोंदींची फाइल, (३) संगणकीय आज्ञावली